सगळं तेवीसने गुणलं की ट्रायल जुळते, हिशेब नाही

"परदेशी शाखेची ट्रायल सरसकट ३१ मार्चच्या रेटनं गुणा, दोन्ही बाजू आपोआप जुळतात. वेगवेगळे रेट लावले की फरक येतो, म्हणजे कुठंतरी चुकलंय. तो सस्पेन्सला टाका आणि मोकळे व्हा."

असा सल्ला मिळतो. जुळतात, त्यात नवल काय? जुळलेल्या दोन बेरजांना एकाच आकड्यानं गुणलं तर त्या जुळणारच. त्यानं तपासणी काहीच होत नाही.

सांगलीच्या एखाद्या हळद व्यापाऱ्याची दुबईत शाखा आहे, माल इथूनच जातो, असं धरू. म्हणजे लेखा मानक ११ नुसार ती मुख्य धंद्याचाच भाग. सोयीसाठी दिरहमचा वर्षारंभीचा दर २२, सरासरी २२.५० आणि अखेरचा २३ रुपये घेऊ. फर्निचर ५०,००० दिरहमचं, दर २० असताना घेतलेलं. सगळं २३ नं गुणलं तर दहा लाखांचं फर्निचर साडेअकरा लाखांचं होतं, एक खुर्चीही न घेता! त्याला खरेदीच्या दिवसाचाच दर लागतो आणि घसाऱ्यालाही तोच. घसारा खर्च आहे म्हणून सरासरी दर लावणारे बरेच भेटतात.

खरी गोची हेड ऑफिस खात्यात होते. शाखेच्या वहीत ते १,४०,००० दिरहम जमा आहे. २३ नं गुणलं तर ३२,२०,००० येतात, पण सांगलीच्या वहीत शाखेच्या नावे २९,८०,००० आहेत. एकत्र ताळेबंद करताना ही दोन खाती एकमेकांत वळती व्हायला हवीत, इथं २,४०,००० लोंबकळत राहतात. म्हणून या खात्याला दर लावायचाच नाही, सांगलीचा आकडा उचलायचा. पाठवलेल्या मालाचंही तसंच: इथल्या वहीत ४४,६०,०००.

आता बाकीचं. सुरुवातीचा साठा ४०,००० × २२, खर्च ६०,००० × २२.५०, येणी ८०,००० आणि बँक ३०,००० यांना २३. फर्निचर आणि पाठवलेला माल धरून नावे बाजू १,०२,२०,०००. जमेला विक्री ३,००,००० × २२.५०, देणी २०,००० × २३ आणि हेड ऑफिस, मिळून १,०१,९०,०००. जमेला ३०,००० कमी पडतात. हा विनिमय नफा, तो नफा-तोटा खात्यात जातो. सस्पेन्सला टाकलात तर वर्षाचा नफाच चुकला.

अर्थात आलेला प्रत्येक फरक नफा म्हणून गिळायचा नाही. आधी दिरहममधली ट्रायल जुळते का ते बघा. मग येणी आणि बँक यांतून देणी वजा करा: इथं ९०,००० दिरहम उरतात. शाखेकडं वर्षभर असं येणंच जास्त असेल आणि दिरहम वधारला असेल, तर नफाच दिसायला हवा, तोही दर दिरहमला फार तर रुपयाच्या आसपास. उलट तोटा दिसला किंवा पाच-सात लाख निघाले, तर वाटेतला माल किंवा वाटेतली रक्कम एकाच वहीत चढली आहे का ते आधी शोधा.

शाखा स्वतंत्रपणे धंदा करणारी असेल तर फर्निचरसकट सगळ्या मालमत्ता-देण्यांना २३ लागतात, तेवढं या सल्ल्यात खरं आहे. पण विक्री-खर्च तिथंही सरासरीनंच, आणि फरक नफ्यात न जाता परकीय चलन रूपांतर राखीव निधीत.