न बोललेलंही सांगितलेलं असतं

तुम्ही म्हणता, "जे शब्दांत नाही ते बोललेलंच नाही, बाकी सगळं ऐकणाऱ्याने मनाने लावलेलं. कोर्टसुद्धा फक्त शब्द बघतं. आणि 'खिडकी लावता येईल का' असं विचारणारे सरळ मागायला घाबरतात."

कोर्टापासून सुरू करतो, कारण ज्या केसवरून असं म्हणतात ती मुळातून वाचायला हवी. अमेरिकेत सॅम्युअल ब्रॉन्स्टन नावाचा सिनेनिर्माता होता, त्याच्या कंपनीच्या दिवाळखोरीच्या चौकशीत शपथेवर विचारलं, स्विस बँकेत तुमचं खातं आहे का? तो म्हणाला, नाही. मग विचारलं, कधी होतं का? तर म्हणाला, कंपनीचं होतं, साधारण सहा महिने, झुरिकला. प्रत्यक्षात त्याचं स्वतःचं खातं जिनिव्हाला जवळपास पाच वर्षं होतं! 1973 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला खोट्या साक्षीच्या गुन्ह्यातून सोडलं हे खरंय, पण त्याच निकालात कोर्टाने मान्य केलंय की या उत्तरातून 'माझं नव्हतं' असं सूचित होतं आणि साध्या गप्पांत कोणी तसा अर्थ घेतला तर ते वाजवीच आहे. तो सुटला तो एवढ्याचसाठी की कायद्यात खोटं विधान लागतं आणि उलटून विचारणं हे वकिलाचं काम.

आता मनाने लावलेला अर्थ म्हणाल तर तसं नाही, त्यामागे हिशोब असतो. भाषेचा तत्त्वज्ञ पॉल ग्राइसने तो मांडलाय. प्रश्न ब्रॉन्स्टनच्या खात्याचा होता, उत्तर कंपनीच्या खात्याचं आलं, माणूस विचारलेल्यालाच धरून आणि पुरेसं बोलतोय असं आपण धरतो, मग स्वतःचं असतं तर तेच सांगितलं असतं ना? म्हणजे नव्हतं. कोणीही ऐकलं तरी इथेच पोचेल. याची एक चाचणीही आहे. पुढे 'आणि माझंही होतं' जोडलं असतं तर वाक्य विसंगत झालं नसतं, पण 'कंपनीचं होतं, पण कंपनीचं नव्हतं' हे चालतच नाही. सूचित अर्थ असा मागे घेता येतो, शब्दांचा नाही.

खिडकीचं म्हणाल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने 1975 मध्ये दाखवलं की विनंतीला ज्या अटी लागतात, म्हणजे समोरच्याला ते जमणं, त्याची तयारी असणं, त्यातल्याच एखादीबद्दल आपण विचारतो. म्हणून तर 'हो, लावतो' हे उत्तर येतं, हो प्रश्नाला आणि लावतो विनंतीला. नुसतं हो म्हणून कोणी बसून राहिलं तर तो शब्दाला पक्का आहे असं आपण म्हणत नाही, त्याला कळलं नाही किंवा तो मुद्दाम करतोय असंच वाटतं. आणि वाटेल तो प्रश्न चालत नाही बरं का, 'तुमच्यात खिडकी लावण्याचं सामर्थ्य आहे का' हेही जमण्याबद्दलच आहे, पण ती विनंती वाटत नाही, कारण तो साचा रुळलेला नाही.

एका ठिकाणी तुमची तक्रार मला पटते. 'इथे गार लागतंय' असं नुसतं म्हटलं तर ती विनंती असेल किंवा नसेलही, आणि नंतर 'मी सांगितलं होतं की' म्हणून ऐकणाऱ्यावर चिडणं बरोबर नाही.