मेशच्या डब्याला वायर जोडली म्हणून कन्सोल वायर्ड होत नाही

"भावांनो, कन्सोलसाठी घरभर केबल ओढत बसू नका. घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या मेशचा दुसरा डबा कन्सोलजवळ ठेवा, नाहीतर विजेच्या तारेतून नेट नेणारा पॉवरलाइन अडॅप्टर घ्या, आणि त्यातनं लॅन वायर कन्सोलला द्या. स्पीड टेस्टला १०० आलं की विषय संपला. वायर्डच झालं!" असा सल्ला हमखास ऐकू येतो, पण तो फसवा आहे.

आधी स्पीडचं बघू. मॅच चालू असताना कन्सोलला एक एमबीपीएससुद्धा क्वचितच लागतो. बटण दाबलं, खेळाडू वळला, एवढीच बारीक पाकिटं सतत जात-येत असतात. १०० एमबीपीएसचा उपयोग गेम डाउनलोड करताना. खेळताना प्रत्येक पाकीट वेळेत पोचलं पाहिजे, आणि स्पीड टेस्टचा मोठा आकडा म्हणजे काही सेकंदांची सरासरी. मधलंच एखादं पाकीट १५० मिलिसेकंद अडकलं तर त्या आकड्यात ते दिसत नाही. मॅचमध्ये तेवढ्यात गोल होतो.

आता मेश. डब्यापासून कन्सोलपर्यंत वायर आहे हे खरं, पण डब्यापासून मुख्य राउटरपर्यंतचा टप्पा, म्हणजे बॅकहॉल, हवेतूनच जातो. कन्सोलला फक्त स्वतःचं पोर्ट दिसतं, म्हणून तो बिनधास्त 'वायर्ड' म्हणून सांगतो. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं आणि त्या रांगेत शेजाऱ्यांचे राउटरही उभे असतात. दोन बँडच्या स्वस्त मेशमध्ये घरातले फोन आणि टीव्ही सांभाळणारा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच बहुधा बॅकहॉलचंही काम करतो. डब्यावरच्या फोनचा एकच डेटा दोनदा हवेतून जातो, त्यामुळे त्याचा वेग साधारण निम्मा होतो. त्यापुढे तिसरा डबा लावला की आणखी कमी. बॅकहॉलला स्वतंत्र रेडिओ असलेला तीन बँडचा मेश बरा, पण जाड भिंत त्यालाही आडवी येतेच.

मंगळवार पेठेतल्या एका मित्राचं घर घ्या. जुनं बांधकाम, हातभर जाडीच्या भिंती. राउटर खाली पुढच्या सोप्यात, पीएस५ वर मागच्या खोलीत. मेशवर फोनला ९० एमबीपीएस यायचे, पण संध्याकाळी वरच्या टीव्हीवर मालिका लागली की गेम अडखळायचा. कन्सोलची लॅन वायर काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली, लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं आणि कमांड प्रॉम्प्टमधून राउटरलाच पिंग केलं (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो):

```
ping -n 100 192.168.1.1
```

बहुतेक उत्तरं ४-५ मिलिसेकंदांची, पण अधूनमधून ९०, १४० अशा उड्या. सलग केबलवर इथे `time<1ms` च्या रांगा दिसायला हव्यात.

मग पॉवरलाइन आणली. पहिल्यांदा जोडणीचा दिवाच लागेना. घराला थ्री-फेज मीटर, वरचा मजला वेगळ्या फेजवर. फेज बदलला की सिग्नल एकतर फार क्षीण होतो नाहीतर पोचतच नाही. इलेक्ट्रिशियननं फेज एक करून दिल्यावर चाललं, पण अडॅप्टर स्पाइक बोर्डात होता. सर्ज प्रोटेक्शनवाला बोर्ड नेमका हाच सिग्नल गाळतो, त्यामुळे अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच पाहिजे. तेही केलं. पिंग बरं आलं, आणि रविवारी खाली मिक्सरवर पांढऱ्या रश्श्याचं वाटण सुरू झालं की वर परत उड्या! ब्रशवाली मोटर, स्वस्त चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर हे सगळे त्याच तारेत गोंगाट सोडतात. खोक्यावरचा ६०० किंवा १००० हा आकडाही तारेवरच्या कमाल कच्च्या वेगाचा असतो. ६०० वाल्या बऱ्याच मॉडेलांना पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं.

शेवटी कॅट-६ ओढली, आणि भिंत फोडावी लागली नाही. सोप्याच्या खिडकीतून बाहेर, पन्हाळीच्या पाइपाला धरून वर, आणि खिडकीच्या चौकटीतल्या एका भोकातून आत. लॅन केबलला १०० मीटरपर्यंत मुभा असते, इथे त्याच्या पावभागही लागली नाही. आपल्याकडचा पाऊस बघता बाहेरच्या वापराची काळी केबल घ्या आणि भोकाच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी आत न येता तिथूनच गळतं. दुकानात शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण वाकवताना लवकर तुटते. लॅन केबल कोणतीही असो, विजेच्या पाइपातून नेऊ नका. जोडल्यावर राउटरच्या पानावर लिंक १००० ऐवजी १०० दिसली तर बहुधा क्लिप मारताना एखादी तार बसलेली नाही: गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात.

याच केबलवर मेशचा डबाही बसवता येतो. बॅकहॉल वायरचा झाला की वरच्या फोनांचंही भागतं आणि तेव्हा कन्सोल डब्याला जोडला तरी हरकत नाही. पीएस५ राउटरच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर खुशाल खेळा. मूळच्या पीएस४ ला मात्र फक्त २.४ गिगाहर्ट्झ मिळतं, तिथे राउटर अगदी जवळ असला तरी वायरच लावा.

आणि राउटरपर्यंत पिंग स्वच्छ, पण घराबाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला केलेल्या `ping -n 100 8.8.8.8` ला उड्या, असं असेल तर दुखणं राउटरच्या पुढचं आहे. घरात दुसरं कुणी मोठं डाउनलोड-अपलोड करत नाही ना ते बघा. नसेल तर ड्रिल बाजूला ठेवा आणि नेटवाल्याला फोन लावा.