स्वस्त क्लिक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

«सीटीआर ५ टक्के आणि क्लिकला फक्त ३ खर्च, म्हणजे जाहिरात जोरात चालली. १०० कन्व्हर्जन म्हणजे १०० गिऱ्हाइकं. तरी गल्ला रिकामा असेल तर दोष दुकानाचा.»

हा फिरता संदेश मेहुण्याने मला पाठवला, सोबत एजन्सीचा अहवाल, आणि वर प्रश्न: आता बजेट दुप्पट करू का? अजिबात नको.

अहवाल मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या, जाहिरातींचा आहे. जाहिरात ४०,००० वेळा दिसली, क्लिक २,०००, खर्च ६,०००. म्हणून सीटीआर, म्हणजे जाहिरात दिसली त्यातल्या किती वेळा क्लिक झालं तो दर, ५ टक्के आणि क्लिकमागे खर्च ३. भागाकार बरोबर आहे, पण क्लिक कसले? रकाना Clicks (all) आहे. मेटाच्याच व्याख्येप्रमाणे त्यात लाइक, कॉमेंट, शेअर आणि पेजच्या नावावरचं टिचकणंही मोजलं जातं. दुकानाच्या लिंकवरचे क्लिक Link clicks या रकान्यात असतात, आणि तिथे आकडा होता ४००. म्हणजे खरा दर १ टक्का आणि खरा खर्च क्लिकमागे १५. एजन्सी खोटं बोलली नाही, तिने फक्त सोयीचा रकाना उचलला.

१०० कन्व्हर्जनचा दावा तर घातकच, कारण बजेट त्याच्या जोरावर वाढतं. कन्व्हर्जन म्हणजे जाहिरातीनंतर लोकांनी केलेली एखादी कृती, आणि त्यात कोणती कृती मोजायची ते खातं चालवणारा ठरवतो. इथे त्या शंभरात ९० वेळा फोनचं बटण दाबलं गेलंय (Contact) आणि ऑर्डर आहेत १० (Purchase). ६,००० भागिले १०, म्हणजे एका ऑर्डरमागे ६००. मेहुण्याला मालाचा खर्च वजा जाता एका ऑर्डरमागे सुटतात २५०. प्रत्येक ऑर्डरवर ३५० खिशातून गेले, आणि बजेट दुप्पट करायचंय!

आता त्या नव्वदांतल्या कुणी खरंच फोन करून माल घेतला असेल, पण ते या अहवालात दिसत नाही. फोन उचलणाऱ्याने विचारून वहीत लिहायला हवं. समजा असे ५ निघाले, तरी १५ विक्रींवर खर्च प्रत्येकी ४०० पडतो. तोटाच.

उलट बाजूही आहे: नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरात नुसती पाहून, क्लिक न करता, दिवसभरात खरेदी केलेलाही मेटा आपल्या खात्यात धरतं. तो एरवीही आला असता का, कुणास ठाऊक.

दुकानाचा दोष? थोडा आहे, मान्य करतो. Link clicks ४०० आणि Landing page views ३००, म्हणजे शंभरएक क्लिक पान उघडण्याआधीच गळाले. पान जड आहे, ते हलकं करायला हवं. सीटीआरही अगदी निरुपयोगी नाही. त्याच लोकांना दाखवलेल्या दोन चित्रांतलं कोणतं जास्त खेचतं ते त्यावरून कळतं, तेही लिंकचाच दर पाहिला तर.

तूर्त बजेट आहे तिथेच ठेव, आणि पुढच्या अहवालात Purchase आणि Contact वेगवेगळ्या ओळींत माग.