बेंडिंग वेगळं, टॉर्शन वेगळं, आणि शाफ्ट पास? असं नसतं

"मोर सर्कल परीक्षेपुरतं असतं. शाफ्टचा बेंडिंगचा स्ट्रेस वेगळा काढा, टॉर्शनचा वेगळा काढा, दोन्ही लिमिटच्या आत बसले की शाफ्ट पास. मॅक्सिमम शिअर कुठेही कायम ४५ अंशावरच असतो. आणि सर्कल काढलंच तर त्याची त्रिज्या म्हणजेच मॅक्सिमम शिअर, विषय संपला."

शाफ्ट डिझाइनबद्दल कुणीतरी लिहिलेलं हे वाचून गप्प बसवेना, कारण मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत आमच्याकडे रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटींची जी दुरुस्ती चालते त्यात विंचचे शाफ्ट अगदी ह्याच हिशोबाने बदलले जाताना मी बघितलेत. म्हणून उदाहरण पण विंचचंच घेतो, आकडे हाताने पडताळता येतील असे.

ट्रॉलरच्या विंचचा शाफ्ट, ५० मिमी व्यासाचा, साधं माइल्ड स्टील. दोन बेअरिंगमधलं अंतर ६५५ मिमी, मधोमध ड्रम, आणि जाळं ओढताना दोरीला ६ किलोन्यूटन म्हणजे साधारण सहाशे किलोची ओढ. दोरी गुंडाळलेल्या ड्रमची त्रिज्या १२३ मिमी धरू. शाफ्ट फिरवणाऱ्या साखळीच्या ओढीने येणारं बेंडिंग सोपेपणासाठी सोडून देतो, खऱ्या कामात ते धरायचं. मधोमध बेंडिंग मोमेंट आला ९८२ न्यूटन मीटर आणि पीळ आला सुमारे ७३८ न्यूटन मीटर. ५० मिमीच्या शाफ्टवर त्याचे स्ट्रेस निघतात बेंडिंगचा ८० एमपीए आणि टॉर्शनचा ३० एमपीए. स्टीलची यील्ड २४० धरली आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी अडीच, तर ताणाची मर्यादा ९६ आणि शिअरची मर्यादा त्याच्या निम्मी, ४८. आता वेगवेगळं बघितलं तर ८० हे ९६ च्या आत आणि ३० हे ४८ च्या बरंच आत. कागदावर शाफ्ट पास.

पण बेंडिंगला एक आणि टॉर्शनला एक असे दोन वेगळे शाफ्ट नसतात ना. दोरी ज्या बाजूला ओढते त्या बाजूच्या पृष्ठभागावर पेन्सिलने एक छोटा चौकोन काढा, त्याच चौकोनाला ८० चा ताण पण आहे आणि ३० चा शिअर पण, एकाच वेळी. आणि आपण तो चौकोन शाफ्टच्या अक्षाला धरून सरळ काढला म्हणून ८० आणि ३० दिसले, तोच जरा कलता काढला असता तर आकडे वेगळे आले असते. मटेरियलला आपला चौकोन कसा काढलाय ते माहीत नसतं, ते त्याला सगळ्यात जड जाणाऱ्या प्रतलावर सुटतं.

चौकोन कसाही कलता काढला तरी त्याचे आकडे एका चित्रात दाखवणारं वर्तुळ म्हणजे मोर सर्कल. ते काढायला ग्राफ पेपर घ्या, १ सेंमी म्हणजे १० एमपीए. आडव्या अक्षावर ताण उजवीकडे, दाब डावीकडे. उभ्या अक्षावर शिअर, आणि एक नियम पक्का ठरवा की ज्या बाजूवरचा शिअर चौकोनाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायला बघतो तो वर मांडायचा, उलटा असेल तो खाली. शाफ्टच्या आडव्या छेदाची बाजू म्हणजे उजवीकडे ८ सेंमी आणि वर ३ सेंमी, हा पहिला ठिपका. तिला काटकोनातली बाजू म्हणजे ताण शून्य आणि शिअर खाली ३ सेंमी, हा दुसरा. दोन्ही जोडा, रेघ आडव्या अक्षाला ४ सेंमीवर कापते, तो केंद्र. तिथून पहिल्या ठिपक्यापर्यंत कंपास उघडला की ५ सेंमी, कारण आडवे ४ आणि उभे ३. वर्तुळ फिरवा. ते आडव्या अक्षाला उजवीकडे ९ वर आणि डावीकडे उणे १ वर कापतं, म्हणजे ज्या प्रतलांवर शिअर शून्य असतो त्या प्रिन्सिपल प्रतलांवरचे प्रिन्सिपल स्ट्रेस ९० ताण आणि १० दाब. माथ्यावर शिअर ५०.

हा ५० च सगळा फरक आहे. ९० हा ९६ च्या आत आहे म्हणजे ताणाच्या बाजूने शाफ्ट अजून पासच दिसतो, पण शिअर ४८ च्या पुढे गेला. जो शिअर वेगळा काढल्यावर ३० होता तो खरा ५० निघाला, कारण बेंडिंगच्या ८० चा अर्धा भाग पण कलत्या प्रतलांवर शिअर बनून येतो. फॅक्टर ऑफ सेफ्टी अडीच म्हणून कागदावर लिहिलेला तो प्रत्यक्षात २.४. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की मी मॅक्सिमम शिअरची म्हणजे ट्रेस्काची कसोटी लावतोय, ती जास्त सावध आहे. फॉन मिझेसने हिशोब केला तर ह्याच शाफ्टचा तुल्य स्ट्रेस ९५.४ येतो, म्हणजे ९६ च्या आत, कसाबसा. पण कुठलीही कसोटी लावा, दोन आकडे वेगळे ठेवून तपासणं ह्या दोघींमध्ये बसत नाही, आणि "बरंच आत" असलेला शाफ्ट दोन्हीकडे काठावर येतो.

परीक्षेपुरतं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की ओटो मोर हा रेल्वेच्या आणि पुलांच्या कामावर राहिलेला जर्मन इंजिनिअर होता, त्याने १८८२ मध्ये हे वर्तुळ मांडलं.

आता ४५ अंशाचं. हे वाक्य अर्धं तोडून फिरतंय म्हणून जास्त धोकादायक आहे. मॅक्सिमम शिअरचं प्रतल ४५ अंशावर असतं हे बरोबर, पण कशापासून? प्रिन्सिपल प्रतलापासून, शाफ्टच्या आडव्या छेदापासून नव्हे. नुसता ओढलेला सरळ बार असेल तर आडवा छेद हेच प्रिन्सिपल प्रतल असतं, म्हणून तिथे दोन्ही एकच वाटतं आणि तेच पाठ होतं. आपल्या वर्तुळावर बघा. पहिल्या ठिपक्यापासून आडव्या अक्षापर्यंतचा कोन आहे ३६.८७ अंश, घड्याळाच्या दिशेने. वर्तुळावर कोन दुप्पट दिसतो, म्हणून शाफ्टवर त्याचा निम्मा, १८.४ अंश. (इथे निम्मं करायला विसरणं ही मी बघितलेली सगळ्यात नेहमीची चूक, आकडा बरोबर आणि प्रतल भलतंच.) आणि माथ्यापर्यंत जायला उलट दिशेने ५३.१३ अंश, म्हणजे शाफ्टवर २६.६. तर ह्या शाफ्टचं एक मॅक्सिमम शिअर प्रतल आडव्या छेदापासून २६.६ अंश कललेलं आहे, आणि दुसरं त्याच्या काटकोनात. १८.४ आणि २६.६ ची बेरीज ४५ येते, ४५ तिथे आहे. आणि त्या प्रतलावर फक्त शिअर नसतो, केंद्राएवढा म्हणजे ४० चा ताण पण असतो, हे पण बऱ्याच जणांचं सुटतं.

पाठ केलेल्या ४५ वर शिअर काढला तर किती येतो? कललेल्या प्रतलासाठी वर्तुळावर ९० अंश फिरा, दोन्हीकडे शिअर ४० येतो. ४० हा ४८ च्या आत! म्हणजे वर्तुळ काढूनसुद्धा चुकीच्या ठिकाणी वाचलं तर नापास शाफ्ट पुन्हा पास होतो.

कलण्याची दिशा पण तितकीच महत्त्वाची. समजा शाफ्टच्या पृष्ठभागावर आडव्या छेदाशी ३० अंश कललेली बारीक चीर डाय पेनिट्रंट मारल्यावर दिसली. ती घड्याळाच्या दिशेने कललेली असेल तर त्या प्रतलावर ताण ८६ आणि शिअर जेमतेम २०, म्हणजे चीर उघडायला बघणारा ताण जवळजवळ पूर्ण ताकदीचा. उलट दिशेने ३० अंश असेल तर ताण ३४ आणि शिअर जवळजवळ ५०. कोन तोच, गोष्ट पूर्ण वेगळी. म्हणून चिन्हांचा नियम आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहा आणि पिळाची दिशा बोटीवर जाऊन बघा, अंदाजाने धरू नका.

नुसत्या पिळाला तर ते वाक्य पूर्ण उलटं पडतं. वर्तुळाचं केंद्र शून्यावर येतं, सगळ्यात जास्त शिअर सरळ आडव्या छेदावर आणि ४५ वर असतो तो ताण. फळ्यावरचा खडू दोन्ही हातात धरून पिळा, स्क्रूच्या आट्यासारखा ४५ अंशात तिरका तुटेल, कारण खडू ताणाला कच्चा. माइल्ड स्टीलची सळी पिळून तोडली तर छेद सपाट येतो, कारण ती शिअरला आधी हार मानते.

शेवटी त्रिज्येचं. वरच्या शाफ्टला त्रिज्या म्हणजे मॅक्सिमम शिअर हे खरं ठरलं, पण ते नशिबाने नाही, एक प्रिन्सिपल स्ट्रेस ताणाचा आणि दुसरा दाबाचा निघाला म्हणून. दोन्ही ताणाचेच असतील तर फसाल. बंदराजवळच्या बर्फ फॅक्टरीतली अमोनियाची टाकी घ्या, व्यास १ मीटर, पत्रा १० मिमी, आतला दाब १६ बार. घेराच्या दिशेने स्ट्रेस ८०, लांबीच्या दिशेने ४०, शिअर नाही. वर्तुळाची त्रिज्या २०. पण पत्र्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस शून्य आहे, तो पण मांडायचा असतो. शून्य ते ८० असं मोठं वर्तुळ काढा, त्रिज्या ४०, तोच खरा मॅक्सिमम शिअर, पत्र्याच्या जाडीत ४५ अंश घुसणाऱ्या प्रतलावर. छोट्या वर्तुळावर भरवसा ठेवला तर बरोबर निम्मा शिअर धरला जातो. म्हणून सवयच लावा, तीन ठिपके आडव्या अक्षावर, आणि त्यातले सगळ्यात लांबचे दोन घ्यायचे.

वर्तुळाने काय कळत नाही तेही सांगतो. ते एका क्षणाचं, एका ठिकाणचं चित्र आहे. शाफ्ट अर्धा फेरा फिरला की तोच पेन्सिलचा चौकोन दाबाच्या बाजूला जातो, ८० चे उणे ८० होतात, पीळ तोच राहतो, आणि वर्तुळ डावीकडे सरकून प्रिन्सिपल स्ट्रेस १० ताण आणि ९० दाब होतात. प्रत्येक फेऱ्याला हे होतं, त्याचा फटीगचा हिशोब वेगळा करावा लागतो. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात स्ट्रेस आणखी चढतो, तोही ह्यात नाही.

आणि आपल्याकडे खारं पाणी आहे. गंजाने चारी बाजूंनी एक एक मिमी खाल्ला की ५० चा शाफ्ट ४८ चा होतो, स्ट्रेस व्यासाच्या घनाने बदलतात म्हणून सगळं वर्तुळ १३ टक्के फुगतं आणि ५० चा शिअर साडेछप्पन होतो. म्हणून त्या विंचला मी तांडेलांना ५५ चा शाफ्ट घ्या म्हणून सांगितलं. नवा असताना शिअर ३७.६, आणि गंजून ५३ चा झाला तरी ४२.