जनगणनेत अहिराणी लिहाच, पण घरातल्या पोरांशी कशात बोलता?

आमच्या कसमादेवाल्यांच्या, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडच्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. २०२७च्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात मराठी नको, अहिराणी लिहा. खाली अंगठ्यांची रांग. मी अहिराणीच लिहिणार आहे, कारण माझी आई माझ्याशी सटाण्याकडच्या अहिराणीतच बोलायची. पण आकडा वाढला की भाषा वाचली, असं ग्रुपवर बऱ्याच जणांना वाटतंय. ते मला पटत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी आकडाच बघू. जनगणनेत अहिराणी 'खान्देशी' या नावाखाली मोजतात. १९९१ला खान्देशी बोलणारे होते सुमारे ९ लाख ७४ हजार. २००१ला झाले २० लाख ७५ हजार. २०११ला परत १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुपटीहून जास्त, आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख कमी! एवढी बाळंतपणं कुठल्या तालुक्यात झाली म्हणायची? बोलणारे इतक्या झटपट वाढतही नाहीत आणि घटतही नाहीत. लोक काय सांगतात आणि ते कुठल्या नावाखाली धरलं जातं, त्यावर हा आकडा हलतो.

शिवाय रकान्यात विचारतात काय? लहानपणी तुमची आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची, ती तुमची मातृभाषा. म्हणजे प्रश्न मागच्या पिढीचा. तुम्ही तुमच्या मुलांशी कशात बोलता, हे तिथे कुणी विचारत नाही. नाशिकच्या सिडकोतला पन्नाशीचा माणूस अगदी खरं उत्तर देऊन अहिराणी लिहील, आणि त्याच घरात ती भाषा बंद पडलेली असेल.

भाषा किती धोक्यात आहे हे ठरवायला युनेस्कोची एक पायऱ्यांची पट्टी आहे. त्यात बोलणाऱ्यांच्या संख्येला फार भाव नाही, वय बघतात. सगळ्या पिढ्या बोलत असतील तर सुरक्षित. बहुतेक मुलं बोलतात पण घरापुरतीच, तर पहिली पायरी खाली. मुलं घरात ती मातृभाषा म्हणून शिकतच नाहीत, तर दुसरी. आजीआजोबा बोलतात, आईबापांना कळते पण ते मुलांशी बोलत नाहीत, तर तिसरी. आणि सगळ्यात तरुण बोलणारे आजीआजोबाच, तेही अधूनमधून, तर चौथी. त्यानंतर संपलंच.

आता आमच्याच नात्यातलं एक घर घ्या. आजी बागलाणातल्या गावी. मुलगा सातपूर एमआयडीसीत नोकरीला, घर सिडकोत. सून निफाडकडची, तिला अहिराणी येत नाही. नवरा-बायको मराठीत बोलणार हे ओघानेच आलं. तरी थोरल्या नातवाला आजीने दोन वर्षं गावी सांभाळलं, त्यामुळे तो फर्डं अहिराणी बोलायचा. मग नाशकात बालवाडीत घातला. तो "माले दे" म्हणाला की पोरं खिदळायची, आणि बाईंनी आईला बोलावून सांगितलं की घरी "शुद्ध" बोलत जा. चार-सहा महिन्यांत त्याने अहिराणी टाकली. धाकटी जन्मली तेव्हा भाऊ तिच्याशी मराठीत बोलत होता, त्यामुळे तिच्या कानावर ती मुलामुलांची बोली कधी पडलीच नाही. गेल्या दिवाळीत आजी ओट्यावरून हाक मारत होती, "आठे ये, भाकर खाई ले." पोरीला सगळं कळलं. उत्तर आलं, "नको ना आजी, भूक नाहीये मला."

कान अहिराणी आणि तोंड मराठी, ही धाकटी. तिला कळते म्हणून घरचे निवांत आहेत. पण नुसती कळणारी भाषा ती आपल्या लेकराला देणार कशी? गावातल्या पोरांमध्ये अहिराणी अजून गल्लीत खेळताना ऐकू येते, ती वरच्या पायरीवर आहे. सिडकोतल्या या घरात तीच भाषा तिसऱ्या पायरीला टेकली आहे. मधलं अंतर एसटीने अडीच-तीन तासांचं.

आपल्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. मराठी आणि अहिराणी इतक्या जवळच्या की भाषा जाताना आवाजच होत नाही. "तुले"चं "तुला" होतं, "उना"चं "आला" होतं, आणि शेवटी नुसता हेल उरतो. त्या हेलावर आपण खूश. हळदीला डीजेवर अहिराणी गाणं लागलं की सगळी पोरं नाचतात, यूट्यूबवर व्ह्यूजचा पाऊस. नाचू द्या, मीही नाचते. पण गाणं पाठ असणाऱ्या पोराला त्याच्या आजीशी एक अख्खं वाक्य बोलायला सांगून बघा.

"सरकारने शाळेत शिकवावी" हा ग्रुपवरचा दुसरा लाडका उपाय. त्यासाठी आयर्लंड बघा. १९२२ला देश स्वतंत्र झाल्यापासून आयरिश शाळेत शिकवतात, राज्यघटनेत ती पहिली अधिकृत भाषा आहे. २०२२च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांवर लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे किती? सुमारे ७२ हजार. शंभर वर्षं सरकार, शाळा, पैसा सगळं पाठीशी, आणि हा हिशेब. जोशुआ फिशमन या भाषाशास्त्रज्ञाने १९९१ला हेच मांडलं होतं: घर, शेजार आणि लहान मूल ही साखळी तुटलेली असेल तर वरून शाळा, टीव्ही, कार्यालयं कितीही लावा, प्रत्येक पिढीला भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकवत बसावं लागतं.

न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ला खालून सुरुवात केली. कोहांगा रेओ नावाच्या बालवाड्या काढल्या. तिथे पुस्तकं आणि परीक्षा नव्हत्या. भाषा येणाऱ्या आजीआजोबांना आणि शाळेचं वय न झालेल्या पोरांना दिवसभर एकत्र ठेवायचं, आणि तिथे फक्त माओरी. मधल्या पिढीला भाषा येत नव्हती, म्हणून तिला ओलांडून थेट आजीकडून नातवाकडे. दहा-बारा वर्षांत हजारो मुलं त्यातून गेली. तरी अडचण आलीच. मूल संध्याकाळी घरी जायचं, घरात आईबाप इंग्रजी बोलायचे, आणि बालवाडी सुटली की पुष्कळांची भाषा मागे पडायची. म्हणून मग आईबापांनाही शिकावं लागलं.

आपलं बरं आहे, कारण सिडको-सातपूरमधल्या चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बापांना अहिराणी अजून येते. ते फोनवर भावाशी बोलतात, वावराचा विषय निघाला की भडाभडा बोलतात, आणि फोन ठेवून पोराकडे वळले की मराठी चालू. पोराचं मराठी बिघडेल ही भीती. नाशकात राहून कुणाचं मराठी यायचं राहिलंय का हो? ते शाळेत, रिक्षात, क्रिकेटच्या मैदानात फुकट मिळतं. अहिराणी तेवढी घरातूनच मिळते. आईला येत नसली तरी बापाने बोलावं, आई मराठी बोलेल. पोरं दोन्ही उचलतात. पोर मराठीत उत्तर देईल, पहिले काही महिने देईलच, तरी आपण आपलं अहिराणीत चालू ठेवायचं. आणि चुकलं तर हसायचं नाही, कारण थोरल्याची भाषा त्या हसण्यानेच गेली.

यातही गोम आहे. घरात एकच मूल असेल आणि गल्लीत दुसरं कुणी बोलत नसेल, तर एकट्या बापाच्या जोरावर ते फार काळ टिकत नाही. म्हणून ग्रुपवाल्यांना माझं एवढंच म्हणणं: मेळाव्यातला सत्कार आणि शाल-नारळ एखाद्या वर्षी राहू द्या. मे महिन्यात सिडकोतली पाच-सहा घरं ठरवून पोरांना एकाच गावी पाठवा, एकमेकांसोबत, गावच्या पोरांमध्ये. ज्यांना जमणार असेल त्यांनी खाली पोरांची वयं लिहा. आठ वर्षांच्या आतली आधी.