काम आपोआप बोलत नाही: कोलंबियाच्या एका स्लाइडची गोष्ट

"काम चोख असलं की ते स्वतःच बोलतं. छान लिहिणं-बोलणं ही वरवरची सजावट, ती मार्केटिंगवाल्यांनी करावी. इंजिनिअरने तेवढा वेळ कामाला द्यावा."

असं अनेक इंजिनिअर म्हणतात. यातलं पहिलं वाक्य आधी घेऊ. जानेवारी 2003 मध्ये नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाच्या उड्डाणात इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो नासाच्या व्यवस्थापकांसमोर स्लाइडवर मांडला. एका महत्त्वाच्या स्लाइडच्या मथळ्यातून असा बोध होत होता, की चाचण्यांचे आकडे सावध बाजूने झुकलेले आहेत, म्हणजे काळजीचं फारसं कारण नाही. अगदी तळाच्या उपमुद्द्यात मात्र लिहिलं होतं, की चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा होता आणि इथे अंदाज 1920 घन इंचांचा आहे. म्हणजे 640 पट! माहिती कागदावर होती, पण ती बोलली नाही. 1 फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. निर्णय चुकण्याची कारणं अनेक होती, पण चौकशी मंडळाने या स्लाइडची वेगळी दखल घेतली: ती वाचून वरिष्ठांना जिवाचा धोका जाणवला नसेल, हे समजण्यासारखं आहे.

आता सजावटीचं. तीच माहिती अशी लिहून पाहा: "आपल्या चाचण्या या तुकड्याच्या 640 पट लहान तुकड्यांवर झाल्या आहेत. पंख सुरक्षित आहे की नाही, हे त्यांवरून सांगता येत नाही. पंखाची छायाचित्रं हवीत." यात अलंकार एकही नाही. पण ही तीन वाक्यं लिहायला बसलं, की "आपल्याला नक्की काय माहीत आहे?" हा प्रश्न टाळताच येत नाही. म्हणून हा वेळ कामातलाच आहे.

करिअरचा संबंध इथेच येतो. वरिष्ठ तुमची आकडेमोड तपासत नाहीत, टिपण वाचतात. ज्याच्या टिपणावर निर्णय घेता येतो, त्याला पुढच्या निर्णयाच्या वेळीही बोलावणं येतं. कार्यालयात मंजुरीचा प्रस्ताव लिहिणाऱ्याला किंवा ग्राहकासमोर आराखडा मांडणाऱ्या डिझायनरलाही हेच लागू आहे.

याला मर्यादाही आहे. चॅलेंजर या नासाच्या दुसऱ्या यानाची रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर रॉजर बॉइसजोली यांनी जुलै 1985 मध्येच ओ-रिंगच्या, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांच्या, दोषामुळे माणसं दगावतील असं स्पष्ट लिहून दिलं होतं, तरी जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजरचं उड्डाण झालंच आणि त्यातले सगळे अंतराळवीर गेले. ऐकायचंच नसेल, तर स्पष्ट लेखनही हरतं. पण इशारा दिलाच नव्हता, असं मग कुणाला म्हणता येत नाही.

आपलं टिपण तपासायचं असेल, तर कामाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त मथळा आणि पहिलं वाक्य वाचायला द्या आणि विचारा, "तू काय ठरवशील?" उत्तर तुमच्या निष्कर्षाच्या उलट आलं, तर तळाचा मुद्दा वर आणा.