कपाळ वर, दातावर दात आणि अर्धा कांदा

वीस तारखेला दुपारी चार वाजता, महापेतल्या एका ऑफिसच्या छोट्या मीटिंग रूममध्ये माझ्या नाकाला अर्धा चिरलेला कांदा लावण्यात आला. मला फिट वगैरे काही आलेली नव्हती. मी डोकेदुखीवरचा उपाय करत होते.

डोकेदुखी ताणाची. डोक्याला कोणीतरी पागोटं आवळून बांधलंय अशी, दोन्ही बाजूंनी दाबणारी. अर्धशिशीसारखी ती ठणकत नाही, उलटीही होत नाही आणि जिना चढल्याने वाढत नाही. माणूस काम करू शकतो. हीच पंचाईत, कारण काम करू शकणाऱ्याला घरी कोण सोडतं?

उपाय तसा जुना आहे. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1920 च्या दशकात तो मांडला. आवळलेल्या माणसाला ‘सैल सोड’ सांगून काही होत नाही, कारण आपण आवळलेलो आहोत हेच त्याला कळत नसतं. म्हणून एकेक स्नायू आधी मुद्दाम पाच ते सात सेकंद आवळायचा, मग झटक्यात सोडायचा आणि वीस-तीस सेकंद नुसतं त्या फरकाकडे लक्ष द्यायचं. आधी मुठी, मग कानापर्यंत उचललेले खांदे, शेवटी चेहरा. चेहऱ्याचे तीन हप्ते: भुवया वर ओढून कपाळाला आठ्या, मग डोळे मिटून नाक आक्रसायचं, मग दातावर दात ठेवून ओठांचे कोपरे मागे खेचायचे.

हा तिसरा हप्ता बाहेरून कसा दिसतो याचा विचार जेकबसनसाहेबांनी केलेला दिसत नाही.

अकाउंट्सचे काका जीएसटीच्या रिटर्नचा कागद शोधत आत आले, ते नेमके तेव्हाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद सोडला आणि पॅसेजकडे तोंड करून ओरडले, “मावशी! कांदा आणा! हिला फेफरं आलं!”

मी चार आकड्यावर होते. दात घट्ट असताना “नाही” म्हणायला गेलं की “न्हींऽऽ” असा आवाज येतो, हे मला नव्याने कळलं. काकांना मात्र जे समजायचं ते समजलं.

पॅन्ट्रीतून मावशींनी विचारलं, “अख्खा आणू का कापून?”

“कापून! अख्ख्याला वास असतो का?”

“मग अर्धाच कापते. उरलेला भेळेत जाईल.”

तोवर दाराशी चार-पाच जण जमले. एक नवीन मुलगा म्हणाला, “सर, चप्पल पण हुंगवतात ना?” काका म्हणाले, “चामड्याची लागते.” सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. सगळीकडे कॅनव्हास आणि रबर. अख्ख्या मजल्यावर चामडं एकाच पायात होतं, काकांच्या, कोल्हापुरी. काकांनी क्षणभर विचार केला आणि वाकून उजवा अंगठा मोकळा केला. त्यांच्या चेहऱ्यावर त्याग होता. मावशी दोन सेकंद उशिरा आल्या असत्या तर हा लेख वेगळ्या शीर्षकाने लिहावा लागला असता.

(जाता जाता: खरोखर फिट आली तर कांदाही नको आणि चप्पलही नको. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 लावायचा.)

“काका, मला काही झालेलं नाही,” मी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले. “डोकं दुखतंय, म्हणून स्नायू सैल करत होते.”

“अगं, मग श्वास घे ना खोल! असा!” काका रोज सकाळी वाशीच्या मिनी सीशोअरला चालायला जातात, त्यामुळे श्वास हा त्यांचा विषय आहे. त्यांनी छाती फुगवली, खांदे कानाला लावले आणि भात्यासारखा श्वास सुरू केला. “वीस वेळा! माझ्याबरोबर!”

माझी चूक अशी की मी केलं. चौदाव्या श्वासाला बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिरले, खोली जरा तिरकी झाली. काका आनंदाने म्हणाले, “बघ, शक्ती चढतेय.”

शक्ती वगैरे काही चढत नव्हती, कार्बन डायऑक्साइड उतरत होता. शरीराला गरज नसताना भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला हा वायू कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. मुंग्याही त्यानेच येतात. शिवाय छाती खांद्यांपासून उचलली की मानेच्या बाजूचे आणि खांद्यावरचे स्नायू कामाला लागतात. म्हणजे आधीच कुरकुरणारे जे कामगार, त्यांनाच ओव्हरटाइम.

‘खोल श्वास घ्या’ या सल्ल्याबद्दल माझा खरोखरच राग आहे. तो सगळेच देतात आणि सगळेच अर्धा देतात. श्वास मोठा करायचा नसतो, हळू करायचा असतो, आणि सोडणं घेण्यापेक्षा लांबवायचं असतं. नाकाने मनात चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. मिनिटाला सहा श्वास होतात. तीन ते पाच मिनिटं पुरे. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते. मनगटावर दोन बोटं ठेवून पाहा, बहुतेकांना ठोक्यांमधलं अंतर वाढल्याचं बोटांखाली जाणवतं. जीव घुसमटायला लागला तर चार-सहाचा हट्ट सोडून तीन-पाचवर यावं.

आणि ऑफिसातली सर्वात सोपी तपासणी म्हणजे गळ्यातलं आयकार्ड. श्वास घेताना ते आधी उचललं गेलं तर तुम्ही छातीने श्वास घेताय. आधी पट्ट्याचं बक्कल पुढे सरकायला हवं. सरकत नसेल तर पट्टा एक भोक सैल करा. पोट आत ओढून सभ्य दिसणं आणि पोटाने श्वास घेणं एकाच वेळी जमत नाही.

खरी गंमत पाच वाजता झाली. काका स्वतःच कपाळ धरून आले. “माझं पण दुखतंय गं. मानेपासून कपाळापर्यंत. मघाचा तुझा तो प्रकार दाखव.” दार लावून घेतलं. कांदा बाहेर ठेवला.

आधी त्यांना कानशिलावर बोटं ठेवून दात हलकेच चावायला सांगितलं. बोटांखाली काहीतरी टुणकन उचललं गेलं. “हे काय?” ते घाबरले. हा चावण्याचा स्नायू. जबड्यापासून निघून कानशिलावर पंख्यासारखा पसरतो. आकडे जुळेपर्यंत काका दिवसभर दात आवळून बसतात आणि संध्याकाळी कानशील दुखलं की दोष स्क्रीनला देतात. वास्तविक जेवताना सोडून दातावर दात टेकायचंच कारण नाही. ओठ मिटलेले, दातांत थोडी फट, जीभ वरच्या दातांमागे टाळूला अलगद टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा.

मग मुठी. पहिल्याच मुठीला काका लालबुंद झाले, कारण पूर्ण ताकद लावली आणि श्वास कोंडला. त्यांना बीपी आहे आणि श्वास कोंडून जोर लावला की बीपी झर्रकन वर जातं. ताकद निम्मीच हवी. श्वास कोंडू नये म्हणून आकडे मोठ्याने मोजायला लावले, बोलणारा माणूस श्वास अडवू शकत नाही. दुसरी चूक सोडताना. काका मूठ हळूहळू, व्हाउचर फाइलला लावल्यासारखी सोडत होते. दोरी कापल्यासारखी सुटली तरच फरक कळतो. तिसरी चूक म्हणजे घाई. सोडल्यानंतरची वीस सेकंदं हाच या औषधाचा डोस आहे. काका तिसऱ्या सेकंदाला “पुढे?” विचारत होते.

जबड्याला दातावर दात नको म्हटलं, कारण त्यांचा जबडा उघडताना कट्ट वाजतो. अशांनी त्याऐवजी जीभ टाळूला दाबावी आणि सोडावी. मान तर आवळायचीच नाही, डोकं खुर्चीच्या पाठीला अलगद मागे टेकून दाबलं तरी पुरतं.

दहा मिनिटांनी विचारलं, दहापैकी किती?

“आधी सात होतं. आता पाच.”

“छान.”

“छान काय? अजून पाच आहे!”

बॅलन्स शून्य झाल्याशिवाय हिशेब बंद न करणारा माणूस. त्याला कसं सांगायचं की ही गोळी नाही, सवय आहे? डोकं दुखत नसताना रोज दहा-पंधरा मिनिटं, काही आठवडे करावी लागते. अंगाला सैलपणाची ओळख पटली की मग छोटा प्रकार चालतो: एक लांब उच्छ्वास, त्याच्याबरोबर खांदे आणि जबडा खाली. तोही साडेअकराला, पहिला ताण जाणवताच. चार वाजता पागोटं बांधून झाल्यावर नव्हे.

मग त्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा मूळ दुखणं सापडलं. काकांचा चष्मा दुहेरी. जवळचं दिसतं खालच्या भिंगातून, आणि स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर. म्हणून काका दिवसभर हनुवटी वर करून वाचतात आणि कवटीच्या तळाशी असलेले मानेचे छोटे स्नायू आठ तास आखडून राहतात. त्यात फोन कान आणि खांद्यात धरलेला. दहा मिनिटं सैल करून पुन्हा याच खुर्चीत आठ तास! स्क्रीनखाली जाड फायली होत्या, त्या काढल्या.

ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पाकिटं होती. कॅफिन मिसळलेली. “आठवड्यातून तीनदा घेतो फक्त,” काका म्हणाले. महिन्याचे बारा-तेरा दिवस झाले. अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा दिवस किंवा जास्त, किंवा साध्या पॅरासिटामॉलसारख्या पंधरा दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. हे डॉक्टरांकडे न्यायचं काम. आणि डोकं अचानक फुटल्यासारखं दुखलं, सोबत ताप आणि ताठर मान असेल, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, डोक्याला मार लागला असेल किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच दुखायला लागलं असेल, तर मुठी आवळत बसायचं नाही, थेट दवाखाना.

या सगळ्याला रोजची वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आमच्याकडे दिवसातून चारदा सिगरेटला खाली जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. दार लावून श्वास घेणाऱ्या बाईला मात्र दुसऱ्या दिवशी मेल येतो: ‘मीटिंग रूम केवळ कार्यालयीन कामासाठी वापरावी.’ त्याच मेलच्या खाली तणावमुक्तीच्या ऑनलाइन व्याख्यानाचं आमंत्रण होतं. वेळ, जेवणाची सुट्टी. कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं.

म्हणून आता रीतसर फॉर्म भरलाय. विषय: जबडा. उपस्थिती: दोन. लागणारं साहित्य: काही नाही (कांदा नको).

मंजुरी अजून आलेली नाही.